पहाटेचे किलो आदल्या दिवशी: डॅशबोर्डच्या सेशनचा माझा अनुभव

प्रश्न: "नवीन रिपोर्टिंग डॅशबोर्ड टेस्टिंगला आलाय. लीड म्हणतात दीड तासाचं एक्सप्लोरेटरी सेशन कर, चार्टर लिही. मी 'डॅशबोर्ड नीट तपासणे' असं लिहिलंय, ते परत पाठवलं. चार्टर कसा असावा आणि नोट्स किती घ्यायच्या?"

तुमची पोस्ट वाचली आणि माझं रत्नागिरीतलं पहिलं वर्ष आठवलं, कारण माझा चार्टरही अगदी असाच होता आणि त्याने माझे तीन आठवडे खाल्ले. बटणं, लॉगिन, रंग हे तुम्ही बघालच, त्यावर लिहीत नाही.

आमचा डॅशबोर्ड जेटीवरच्या मासळी लिलावाचा होता, रोज किती किलो माल उतरला त्याचा बार चार्ट. सेशनमध्ये मला दिसलं की मंगळवारच्या बारवर 620 किलो आहेत आणि मंगळवारी तर वादळाच्या इशाऱ्यामुळे लिलावच झाला नव्हता. म्हणजे बग डोळ्यासमोर होता. मी वहीत लिहिलं "मं. बार 620??" आणि पुढच्या चार्टकडे गेलो. कुठला सर्व्हर, कुठला फिल्टर, किती वाजता बघितलं, काही नाही. डेव्हलपरने स्वतःच्या लॅपटॉपवर बघितलं, मंगळवार शून्य, तिकीट बंद. मीही मान्य केलं, ती माझी सगळ्यात मोठी चूक.

कारण नंतर कळलं. वेळ यूटीसीमध्ये साठवलेली, सर्व्हरवर डेटाबेसचा टाइमझोनही यूटीसी, आणि क्वेरी अशी:

```sql
SELECT DATE(created_at), SUM(kilo)
FROM lilav GROUP BY 1;
```

आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे 5:30 च्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवशी जाऊन बसायची, आणि आमच्याकडे लिलाव पहाटे चारलाच सुरू. लॅपटॉपवर टाइमझोन भारताचा होता म्हणून तिथे सगळं बरोबर. बुधवारी रजिस्टरला 1,800 किलो होते, त्यातले पहाटेचे 620 मंगळवारात गेले आणि गुरुवारच्या पहाटेचे 540 बुधवारात आले, म्हणून डॅशबोर्डवर 1,720. फरक फक्त 80, कोणालाही वाटेल एखादी नोंद उशिरा पडली असेल. महिन्याची बेरीज तर जवळजवळ जुळतेच, फक्त दोन्ही टोकांच्या पहाटा इकडेतिकडे होतात, त्यामुळे बेरीज जुळली म्हणून डॅशबोर्ड पास करू नका. पडताळायला कागदी रजिस्टर मागितलं तर लिलावाच्या कार्यालयाने "अर्ज द्या, साहेब आले की बघू" असं करत अकरा दिवस फिरवलं, अजून राग येतो.

आता मी चार्टर असा लिहितो: "दिवसनिहाय किलो हा चार्ट, टेस्ट सर्व्हरवर, मध्यरात्र आणि 5:30 च्या आसपासच्या मुद्दाम टाकलेल्या नोंदी घेऊन बघायचा, कुठली नोंद कुठल्या दिवसात पडते हे शोधायला." एक चार्ट, एक शंका, बस. तेवढ्याला दीड तास लागतो. वाटेत दुसरं काही दिसलं तर वहीत वेगळ्या पानावर टाका, तो पुढच्या सेशनचा चार्टर.

नोंदींचे आकडे असे घ्या की बेरीज स्वतःच बोलेल. समजा 10 तारखेला 00:01 ला 1 किलो, 05:29 ला 2, 05:31 ला 4, 23:59 ला 8. बरोबर असेल तर 10 तारखेला 15 दिसतील. 12 दिसले आणि 9 तारखेला 3 आले तर पहिल्या दोन नोंदी मागे गेल्या हे क्वेरी न बघता कळतं. फॉर्ममधून वेळ बदलता येत नसेल तर डेव्हलपरकडून थेट टेस्ट डेटाबेसमध्ये टाकून घ्या.

नोट्स माझ्या अशा असतात: "11:42, टेस्ट सर्व्हर, फिल्टर 9 ते 10, अपेक्षित 10 ता. = 15, दिसले 12, 9 ता. = 3, स्क्रीनशॉट 4." प्रत्येक ओळीला वेळ, कारण नंतर सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधायला तीच लागते. मनात आलेली शंकाही लिहायची, पण "शंका" असं पुढे लिहून, नाहीतर चार दिवसांनी तीच बग वाटायला लागते. बग खणण्यात आणि सेटअपमध्ये किती वेळ गेला तेही टाका, लीडना त्यावरून कळतं की चार्टरला खरंच किती मिनिटं मिळाली. आणि त्याच दिवशी त्यांच्यासोबत दहा मिनिटं बसून सांगा.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस होता आणि कॉलम टाइमझोनवाला, तिथे हे चाललं:

```sql
SELECT (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date,
       SUM(kilo)
FROM lilav GROUP BY 1;
```

तुमचा डेटाबेस वेगळा असेल तर डेव्हलपरला विचारा, आंधळेपणाने टाकू नका. आणि हो, एक्सेलला एक्सपोर्टचं बटण असेल तर तिथली 10 तारीख वेगळी तपासा, आमच्याकडे चार्ट दुरुस्त झाला तरी एक्सपोर्टची क्वेरी जुनीच राहिली होती.