डाव्या पट्टीत हेडिंग नको, प्रश्न हवा

"मॅडम, लेक्चरला सगळं उतरवून घेते, दोन लाँगबुक भरल्यात, पण वाचायला बसलं की वाचल्यासारखं वाटतं आणि वही मिटली की काहीच आठवत नाही. मैत्रीण म्हणते कॉर्नेल पद्धतीने नोट्स काढ. मी एक लेक्चर तसं करून बघितलं, अडीच तास गेले आणि तरीही तेच. सगळं परत लिहायचं म्हटलं तर परीक्षा होऊन जाईल. नेमकं काय चुकतंय?"

फर्स्ट इयर बीएस्सी नर्सिंगची ही मुलगी. बारावीपर्यंत मराठी मीडियम, आता सगळं इंग्रजीत. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि तिला विचारूनच लिहितेय.

मी तिला म्हटलं, ते अडीच तासांचं पान घेऊन ये. घेऊन आली. पान खरंच सुंदर होतं, पट्टीने आखलेल्या रेघा, तीन रंगांची पेनं, अक्षर मोत्यासारखं. विषय फिजिऑलॉजी, टॉपिक कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं ते. डावीकडच्या पट्टीत चार शब्द होते, व्याख्या, सूत्र, नॉर्मल व्हॅल्यू, घटक. उजवीकडे सरांनी डिक्टेट केलेलं जसंच्या तसं, फक्त जास्त नीट लिहिलेलं. आणि खाली समरीच्या जागी एक ओळ, "या पानावर कार्डियाक आउटपुटची व्याख्या, सूत्र व त्यावर परिणाम करणारे घटक दिले आहेत."

मी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, उजवी बाजू पूर्ण झाकली आणि डाव्या पट्टीवर बोट ठेवून म्हटलं, हं, "घटक". सांग. ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, कशाचे घटक? म्हटलं, हेच तर चुकतंय गं, तुझी पट्टी तुला काही विचारतच नाहीये.

कॉर्नेलचं हे पान वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बसवलं, तिथल्या मुलांना अभ्यास कसा करायचा हे शिकवता शिकवता. पानाचे तीन भाग, डावीकडे साधारण अडीच इंचाची क्यूची, म्हणजे उत्तर आठवायला लावणाऱ्या शब्दाची किंवा प्रश्नाची पट्टी, उजवीकडे सहा इंच नोट्सची जागा, खाली दोन इंच समरी. बरेच जण आखणी तेवढी शिकतात. पण पॉक यांच्या पद्धतीत सगळ्यात महत्त्वाचं काम लिहून झाल्यावर सुरू होतं, उजवी बाजू झाकायची, डावीकडचा क्यू वाचायचा आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत मोठ्याने म्हणायचं. रेघा या झाकण्यासाठी आहेत. झाकून विचारण्यासारखं डावीकडे काही नसेल तर तो नुसता रुंद समास झाला.

मग आम्ही दोघी त्याच टॉपिकला बसलो, पण नवीन पान आखलं नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, जुन्या नोट्स परत उतरवू नका. लाँगबुकचा छापील समास अरुंद असतो, त्यात प्रश्न मावत नाही, पण तिने पानाच्या एकाच बाजूला लिहिलं होतं, म्हणजे समोरचं डावं पान कोरंच होतं. तेच क्यूचं पान केलं. दोन्ही बाजूंनी लिहिलं असेल तर सहा सेंटीमीटर रुंदीची कागदाची पट्टी कापून पानाच्या कडेला चिकटवायची, बाहेर उघडेल अशी. तिच्या मूळ नोट्स साडेतीन पानं होत्या, त्यातलं एक अक्षरही परत लिहिलं नाही, फक्त पेन्सिलने आडव्या रेघा मारून त्याचे सहा तुकडे पाडले. तुकडा संपला कुठे हे कसं ओळखायचं, तर सर जिथे एका गोष्टीचं उत्तर देऊन दुसरीकडे वळले तिथे.

आता प्रत्येक तुकड्यासमोर एक प्रश्न. पहिला तुकडा होता CO = SV × HR, म्हणजे एका ठोक्याला वेंट्रिकल हा हृदयाचा खालचा कप्पा जेवढं रक्त बाहेर टाकतो तो स्ट्रोक व्हॉल्यूम, गुणिले मिनिटाचे ठोके. तिने लिहिलं, "सूत्र काय?" म्हटलं, हे चालेल पण याचं उत्तर पाठ करून देता येतं, तू असं विचार की आकडे घालावे लागतील. तिने खोडून लिहिलं, "एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, तर मिनिटाला किती लिटर?" मग झाकून तिनेच केलं, ७० × ७२ = ५०४० मिली, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. आणि लगेच म्हणाली, अय्या, म्हणजे नॉर्मल व्हॅल्यू पाच लिटर इथूनच येते का, मी ती वेगळी पाठ करत होते. चारपैकी दोन हेडिंगं एका प्रश्नात मिटली.

दुसरा प्रश्न, "हे ७० मिली कुठून आले?" उत्तर तिच्याच नोट्समध्ये होतं, भरल्यावर वेंट्रिकलमध्ये साधारण १२० मिली, आकुंचन झाल्यावर उरतं ५०, मधला फरक ७०.

तिसऱ्याला मात्र मजा आली. तिने हेडिंग दिलं होतं "हार्ट रेटचा परिणाम". मी म्हटलं याचा प्रश्न कर, तर म्हणाली, हार्ट रेट वाढला की काय होतं? आणि स्वतःच उत्तर दिलं, आउटपुट वाढतो, सूत्रच आहे ना. म्हटलं, कायम वाढतो? ती हो म्हणाली. मग कागद बाजूला करून तिच्याच वहीतली शेवटून दुसरी ओळ वाचायला लावली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की रेट फारच वाढला तर फिलिंग टाइम कमी पडतो आणि आउटपुट घटतो. ही ओळ तिने आधी लिहून घेतली होती, मग रंगीत पेनाने पुन्हा लिहिली होती, आणि दोन्ही वेळा ती डोळ्यांखालून नुसती निघून गेली होती. मग हिशोबच केला, ७२ ठोक्यांना एक ठोका ०.८३ सेकंदाचा, १८० झाले की अख्खा ठोका ०.३३ सेकंदात उरकायचा, त्यात रक्त भरायला वेळ किती राहणार. पट्टीत प्रश्न गेला, "HR वाढला की CO कायम वाढतो का? नसेल तर का?"

सहा प्रश्नांना पस्तीस मिनिटं लागली, अडीच तास नाही.

भाषेचं एक सांगते कारण मराठी मीडियमची मुलं इथे हमखास अडखळतात. तिला वाटत होतं प्रश्न इंग्रजीतच लिहायला हवेत, आणि इंग्रजीत लिहायला बसली की ती हेडिंगवरच थांबत होती, कारण हेडिंगला वाक्य रचावं लागत नाही. म्हटलं प्रश्न मराठीत लिही, डोक्यात येतो तसा, शब्द प्रीलोड, आफ्टरलोड तेच ठेव. उत्तर म्हणताना पहिल्यांदा मराठीत म्हण, दुसऱ्या फेरीला इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत आहे. दोन्हीतली एक फेरी गाळली तर पुढे अडचण होते, नुसतं मराठीत केलं तर पेपरात वाक्य सुचत नाही आणि नुसतं इंग्रजीत केलं तर पाठांतर होतं.

समरीचंही तसंच. तिने लिहिलेली ओळ ही अनुक्रमणिका होती, पानावर काय आहे ते सांगत होती, पण ते आहे काय हे सांगत नव्हती. मी वही मिटवली आणि म्हटलं, तुझ्या धाकट्या भावाला दोन-तीन वाक्यांत सांग. तिने लिहिलं, "हृदयाचं एक वेंट्रिकल मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं. ते किती असणार हे एका ठोक्यात किती जातं आणि ठोके किती यावर ठरतं, पण ठोके फार झाले तर भरायलाच वेळ मिळत नाही म्हणून उलट कमी होतं." आणि ही समरी वही मिटून लिहायची, मग उघडून ताडायची. वहीत बघून लिहिली तर ती पहिल्या ओळीची कॉपी होते, आणि ते लगेच ओळखू येतं कारण त्यात सरांचे शब्द असतात.

सगळी लाँगबुकं अशी करायची का, तर नाही. परीक्षेला तेवढा वेळ नाही आणि गरजही नाही. आम्ही ठरवलं की आजचं लेक्चर आजच किंवा उद्यापर्यंत, कारण सर काय बोलले ते तोवर कानात असतं. आणि जुन्यातलं फक्त तेवढंच जे पुढच्या टेस्टला आहे. प्रत्येक पट्टी दुसऱ्या दिवशी एकदा झाकून म्हणायची, आठवड्याने परत, जो प्रश्न अडला त्याच्यापुढे पेन्सिलने टिंब, पुढच्या वेळी टिंबवालेच आधी.

आणि सगळीकडे हे बसत नाही हेही तिला सांगितलं. अ‍ॅनाटॉमीची आकृती असेल तर प्रश्नाच्या पट्टीपेक्षा नावं झाकून ती परत काढणं जास्त कामाचं. औषधांच्या डोसचा तक्ता तक्ता म्हणूनच पाठ करावा लागतो, त्याला ओढूनताणून प्रश्न लावू नये. गणितं असतील तर पट्टीत "ही पायरी का?" एवढंच लिहावं आणि गणित कोऱ्या कागदावर सोडवावं. पण जिथे कशामुळे काय होतं असं आहे, तिथे ही पट्टी फार उपयोगी पडते.

तीन आठवड्यांनी ती परत आली. या वेळी वही साधीच होती, एकच निळं पेन, खाडाखोड भरपूर, प्रश्नांपुढे टिंबं. मी पान उघडलं तर एका तुकड्यासमोर पट्टी रिकामी. नोट्समध्ये लिहिलं होतं की आफ्टरलोड वाढला की स्ट्रोक व्हॉल्यूम कमी होतो. विचारलं, हे राहिलं का? म्हणाली, "राहिलं नाही मॅडम, प्रश्न 'का?' असा लिहिला आणि उजवीकडे बघितलं तर उत्तरच नव्हतं. सरांनी तेवढंच वाक्य दिलं होतं. मग खोडला."

म्हटलं खोडू नकोस, तो प्रश्न घेऊन सरांकडे जा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत दारातूनच वही पुढे केली. पट्टीत "का?" परत आला होता, आणि उजवीकडे तिच्या अक्षरात नवीन दोन ओळी, बाहेरचा दाब जास्त असला की झडप उघडायलाच वेंट्रिकलला जास्त जोर लावावा लागतो, मग रक्त ढकलायला कमी उरतो आणि आत ५० मिलीपेक्षा जास्त रक्त शिल्लक राहतं.