अदः म्हणजे खाली नव्हे

चातुर्मासातील प्रवचने सुरू झाली की गुहागरपासून देवगडपर्यंतच्या वाचकांची जवळपास तीच पत्रे येतात. त्यांतील पाच येथे घेत आहे.

‘पूर्णमदः’ मधील अदः म्हणजे खाली का? आमच्या वाडीत तसेच सांगतात.

नाही. खाली या अर्थाचा शब्द ‘अधः’, त्यात ध आहे. येथे द आहे, आणि हे ‘ते’ या अर्थाचे अदस् सर्वनाम आहे. संकल्पात गुरुजी ‘अमुकगोत्र’ म्हणतात, त्यातला ‘अमु’ याच अदस् सर्वनामाचा आहे.

इदम्, एतत्, अदस् आणि तत् या चारही सर्वनामांचे मराठीत ‘हे’ आणि ‘ते’ एवढेच होते. फरक लक्षात कसा ठेवावा?

जुनी कारिका पाठ करावी: ‘इदमस्तु सन्निकृष्टं समीपतरवर्ति चैतदो रूपम् । अदसस्तु विप्रकृष्टं तदिति परोक्षे विजानीयात् ॥’ हर्णैच्या बंदरावर उभे राहून ती म्हणावी. हातातले शहाळे एतत्, चार पावलांवर वाळूत ओढून ठेवलेली होडी इदम्, समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग अदः, आणि रात्री गेलेला, आता नजरेबाहेर असलेला ट्रॉलर तत्. मात्र कारिका ही दिशा दाखवते. प्रत्येक श्लोकावर ती फूटपट्टीसारखी ठेवू नये. विशेषतः एतत् आणि इदम् यांची सरमिसळ ग्रंथांत भरपूर आहे.

ब्रह्म डोळ्यांना दिसत नाही, मग ‘पूर्णमदः’ मध्ये तत् का नाही? केनोपनिषदात तर ‘तदेव ब्रह्म’ असेच आहे.

या प्रश्नावर इतकी ऐकीव उत्तरे फिरत आहेत की थोडे सविस्तर लिहितो. तत् दिसले की लोक लगेच ‘दूरचे, गूढ’ असा अर्थ लावतात. आधी जवळपास यत् आहे का, ते कोणी पाहत नाही. केनात ओळ अशी आहे: ‘यद्वाचानभ्युदितं येन वागभ्युद्यते । तदेव ब्रह्म त्वं विद्धि नेदं यदिदमुपासते ॥’ वाणीने जे सांगता येत नाही, ज्याच्यामुळे वाणी बोलते, तेच ब्रह्म जाण. येथील तत् मागच्या यत्‌ची जोडी पुरी करते. त्यात अंतराचा प्रश्नच नाही, उलट ज्याच्यामुळे आपली वाणी बोलते त्याहून जवळचे काय असणार? बोट दाखवण्याचे काम या ओळीत इदम् करते, आणि तेही नाकारण्यासाठी: ‘हे’ म्हणून समोर ठेवून लोक ज्याची उपासना करतात ते नव्हे.

बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी येणाऱ्या ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ मध्ये आधी यत् नाही, त्यामुळे तत्‌ला धरायला खुंटीच नाही. तिथे हवा आहे तो विरोध, आणि त्यासाठी अदस् व इदम् ही जोडी वैदिक भाषेत आधीपासून रुळलेली आहे: ‘असौ लोकः’ म्हणजे पलीकडचा लोक, ‘अयं लोकः’ म्हणजे हा. आता गंमत अशी की कारिकेप्रमाणे अदः म्हणजे दूरचे पण दिसणारे; तेवढ्यावरच थांबलात तर अर्थ आकाश किंवा सूर्य असा होईल. शंकराचार्य मात्र भाष्यात अदः हे ‘परोक्षाभिधायि सर्वनाम’, म्हणजे नजरेआडचे सांगणारे, असल्याचे स्पष्ट सांगतात आणि परब्रह्म हा अर्थ घेतात. इदम् म्हणजे तेच, नामरूपाच्या व्यवहारात आलेले. याउलट ईशावास्यातील ‘योऽसावसौ पुरुषः’ येथे आधीच्याच ओळीत सूर्याला हाक मारलेली आहे, म्हणून तिथला असौ खरोखर वर बोट दाखवतो. सर्वनाम एकच, पण त्याचा रोख ठरतो तो आजूबाजूच्या ओळींवरून. म्हणून सुटा चरण पाठवून अर्थ विचारू नका. भाष्यासह छापलेली प्रत घेऊन जवळच्या पाठशाळेत बसा.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘इदं शरीरम्’ आणि लगेच ‘एतद्यो वेत्ति’. हा बदल वृत्तासाठी का?

वृत्ताचे कारण टिकत नाही, कारण ‘इदं यो वेत्ति’ हेही अनुष्टुभात बसते: दोन्ही शब्द दोन अक्षरांचे, फरक फक्त पहिल्या अक्षराच्या लघुगुरूचा, आणि ते अक्षर मोकळे असते. इदम् शरीराकडे बोट दाखवते, तर एतत् नुकतेच सांगून झालेले उचलून घेते. असा क्रम पुष्कळदा आढळतो. याहून सूक्ष्म अर्थ काढायचा असेल तर तुमच्या संप्रदायाच्या भाष्यकाराला आधी विचारा.

उद्या माझे प्रवचन आहे. ‘अमी हि त्वां सुरसङ्घाः’ यातील अमी म्हणजे अमृत, असे एका शिबिरात विकत मिळालेल्या पुस्तिकेत आहे. चालेल ना?

चालणार नाही. अमी हे अदस्‌चे पुल्लिंगी प्रथमा बहुवचन: ‘ते पाहा, देवांचे समूह तुझ्यात शिरत आहेत’ असे अर्जुन समोर बघून सांगतो. अशीच एक पुस्तिका मीही पैसे मोजून घेतली होती. तीत असौचा अर्थ सर्वत्र ‘हा’ छापला होता. तुमची पुस्तिका घरी ठेवा, तो श्लोक उद्यापुरता वगळा, आणि पुढच्या वेळी आठवडाभर आधी लिहा.