इन्व्हर्टर एसी सोलरवर: पॅनेल किती आणि सुरुवातीचा झटका किती?

प्रश्न: दीड टनाचा इन्व्हर्टर एसी फक्त दिवसा सोलरवर चालवायचा आहे. किती पॅनेल लागतील? सुरू होताना झटका बसेल का?

उत्तर: साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर मात्र कमी वेगापासून हळूहळू चढतो, त्यामुळे तो झटका जवळजवळ नसतोच. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण तापलेली खोली थंड होईपर्यंत एसी पूर्ण ताकदीने, साधारण १६०० वॅट घेत चालतो आणि मगच ६००-८०० वॅटवर स्थिरावतो. पॅनेलची निवड या पहिल्या टप्प्यावरून करावी. उन्हात तापलेले पॅनेल दुपारीसुद्धा छापील क्षमतेच्या सुमारे ७५ टक्केच देतात, म्हणून ५४० वॅटचे चार पॅनेल (२१६० वॅट) घेतल्यास जेमतेम १६२० वॅट हाती येतात. सोलर इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा असावा. तरीही ढग येताच एसी बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर दोष झटक्याचा नसून उत्पादन मागणीखाली गेल्याचा आहे. अशा वेळी लहान बॅटरीचा किंवा ग्रिडचा आधार हवाच, नुसते पॅनेल वाढवून ते भागत नाही.