‘सांगितलंय’ म्हणजे कुणाला काय सांगितलंय?

प्रश्न: मी नुकतीच मुंबईत आलेय, सेंट्रलच्या लोकलने जाते. लेडीज डब्यात एकीला विचारलं कुठे उतरणार, ती म्हणाली ‘घाटकोपर, पण सांगितलंय’. कुणाला काय सांगितलंय ते कळलंच नाही. आणि दारात धक्का लागला म्हणून मी बोलले तर मागून ‘टॅक्सीने जा मग’. एवढं तोडून का बोलतात?

उत्तर: ‘सांगितलंय’ म्हणजे माझी सीट आधीच दुसरीला कबूल केलेली आहे. आपण घरी ‘दूधवाल्याला सांगून ठेव’ म्हणतो ना, तेच हे ‘सांगून ठेवलंय’, गर्दीत घासून घासून एका शब्दावर आलंय. आणि मला हा शब्द फार आवडतो कारण मराठीत नुसतं सांगणं किंवा बोलणं हे पुष्कळदा बांधून घेणं असतं. नवस आपण ‘बोलतो’, आणि एकदा बोललो की फेडावा लागतो. लग्नाची ‘बोलणी’ होतात, स्थळ ‘सांगून’ येतं. तोंडातून शब्द गेला की व्यवहार झाला ही समजूत भाषेत आधीपासूनच होती, लोकलमधल्या बायकांनी ती सीटला लावली.

एक बारीक गोष्ट बघा. काही जणी ‘दिलीय’ म्हणतात, ते सीटला धरून, सीट दिलीय. पण ‘सांगितलंय’ नपुंसकलिंगी आहे, म्हणजे त्यात सीट नाहीच, ‘ह्यांना’ सांगितलंय एवढंच आहे. त्यामुळे वाक्यात खरी महत्त्वाची आहे ती जिला सांगितलं ती बाई, आणि नेमका तिचाच उल्लेख गाळलेला असतो, म्हणून नवीन माणूस गोंधळतं. तुमचं काही चुकलं नाही.

आता हे चालतं कसं ते एका फेरीवर सांगते. संध्याकाळची ठाणा स्लो, तुम्ही भायखळ्याला चढलात. सीएसएमटीलाच बाकं भरलेली असतात, तीन जणींच्या बाकावर कडेला अर्धी टेकलेली चौथी, तिला चौथी सीट किंवा फोर्थ सीट म्हणतात. तुम्ही पायांमधून वाट काढत आत गेलात आणि विचारलंत, ‘कुठे?’ एवढंच पुरतं, ‘उतरणार’ म्हणायला कुणाला वेळ नसतो. ती म्हणाली, ‘घाटकोपर.’ लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, ‘कुणाला सांगितलंय?’ हा तुम्ही विचारला नाहीत तर सौदा झालाच नाही असं धरा. ती ‘नाही’ म्हणाली की ‘मग मला’ म्हणायचं आणि तिने मान हलवली की झालं. मग दादरला अजून एक चढते, ती पण तिलाच विचारते, आता तिला उत्तर मिळतं ‘ह्यांना सांगितलंय’ आणि हनुवटी तुमच्याकडे. मग ती तुमच्याकडे वळते, तुम्ही कुठे? तुम्ही म्हणता मुलुंड. ती म्हणते मग मुलुंडला मला. म्हणजे तुम्ही अजून उभ्याच आहात आणि तुमची सीट पण सांगून झालेली आहे. अशी साखळी ठाण्यापर्यंत जाते, कागद नाही पावती नाही, आणि मी इतकी वर्षं बघतेय, बहुतेक वेळा बिनबोभाट चालते.

घाटकोपरच्या आधीचं विद्याविहार आलं की बसलेली बाई पर्स खांद्याला लावते, तुमच्या हाताला किंवा गुडघ्याला हात लावते आणि उठते. त्या वेळी तुम्ही हाताच्या अंतरावर असायला हव्यात, पंख्याखाली हवा येते म्हणून पॅसेजमध्ये जाऊन थांबलात तर सीट जाते आणि मग भांडून उपयोग नाही. आणि एक ध्यानात ठेवा, खिडकीतली उठली म्हणून तुम्हाला खिडकी मिळत नाही. बाकावरच्या बाकीच्या आत सरकतात, चौथी तिसरीवर येते, आणि तुमच्या वाट्याला साधारणपणे चौथी सीटच येते. नवीन मुलींचे वाद मी बघते ते सगळ्यात जास्त ह्याच्यावरून, ‘मी त्यांना विचारलं होतं तुम्ही कशाला सरकलात’. सांगितलेली असते ती बाकावरची जागा, ठरावीक कोपरा नाही.

खोटं ‘सांगितलंय’ पण असतं. मैत्रीण कुर्ल्याला चढणार, तिच्यासाठी आधीच अडवून ठेवायचं. हे बसत नाही नियमात, कारण डब्यात नसलेल्या बाईला सांगता येत नाही. ओळखायचं सोपं आहे, ‘कुणाला?’ म्हणून शांतपणे विचारा. खरी असेल तर लगेच हनुवटीने नाहीतर बोटाने दाखवते. इकडेतिकडे बघायला लागली तर ‘मग मला’ म्हणा, शेजारच्या दोघीतिघी तुमच्याच बाजूने बोलतील. हा ‘कुणाला?’ उद्धट नाही, न घाबरता विचारा. मात्र पोटुशी बाई, कडेवर मूल असलेली किंवा फार वयाची आजी आली तर सांगितलेलं सगळं बाजूला, तिथे कुणी रांग काढत नाही आणि काढूही नये.

पुरुषांच्या डब्यात हे इतकं बांधेसूद नसतं असं घरचे सांगतात, भुवई उडवून ‘कुठे?’ एवढंच. बसमध्ये तर जवळजवळ नाहीच, तिथे पहिला नंबर स्टॉपवरच्या रांगेत ठरतो आणि आत कंडक्टरचं ‘पुढे चला, पुढे चला’ चालू असतं, लोक दोनतीन स्टॉपात उतरतात त्यामुळे आधी सांगून ठेवायला वेळच नसतो.

आता टॅक्सीचं. ‘त्रास होतो तर टॅक्सीने जा’ हे वाक्य नवीन माणसाला लागतं, मलाही लागलं होतं, पण त्यात टॅक्सी नाही की तुमच्या पैशावर टोमणा नाही. त्याचा अर्थ धक्का मी मारला नाही, मागून आला, विषय संपला. दारात उतरणाऱ्यांची आधीच एकामागे एक ओळ लागते, ‘दादर उतरणार?’ म्हणून पुढचीला विचारायचं, ती हो म्हणाली तर तिच्यामागे राहायचं, नाही म्हणाली तर तिने बाजूला होऊन जागा करून द्यायची. ह्या ओळीत मागून येणारा दाब कुणाच्याच हातात नसतो, म्हणून त्याची तक्रार करायची नाही असा संकेत आहे, आणि तुम्ही ती केलीत म्हणून ते उत्तर आलं. कोपर मुद्दाम मारलं, पिन टोचली, केस ओढले तर जरूर बोला, तेव्हा टॅक्सी कुणी काढत नाही.

बोलण्याचा सूर कुठे बदलतो ते सर्वनामावर कळतं. ‘ओ ताई, जरा सरका’ हे रोजचं आहे. ‘सरक ना’ आलं की चिडलीय. आणि मराठीत चाललेलं अचानक हिंदीत गेलं, ‘क्या है, दिखता नहीं क्या’, की आता भांडण डब्याला ऐकवायचं आहे, कारण हिंदी सगळ्यांना कळते. तिथे तुम्ही मराठीतच आणि ‘तुम्ही’वरच राहिलात तर समोरचीला आवाज चढवायला जागा उरत नाही, मी करून बघितलंय. वयाने मोठ्या दिसणाऱ्या बाईला पण ‘ताई’च म्हणा, ‘मावशी’ किंवा ‘काकू’ म्हटल्यावर सरकायची तयारी असलेली पण सरकत नाही.

उद्या परत ‘पण सांगितलंय’ ऐकलंत तर तिथेच सोडू नका, जिला सांगितलंय तिला विचारा ती कुठे उतरते. ती भांडुपला उतरत असेल आणि तुम्ही त्याच्याही पुढे जाणार असाल तर पुढचा नंबर तुमचा.