सीडी सोडली तर वर्षाला किती टक्के पडतं?

प्रश्न: माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सप्लायरच्या बिलावर लिहिलंय, १० दिवसांत पेमेंट केल्यास २% सीडी, नाहीतर ३० दिवस नेट. माल १ लाखाचा, १८% जीएसटी धरून बिल १,१८,०००. बँकेच्या सीसीला ११% व्याज पडतं. २ टक्क्यांसाठी ११ टक्क्यांचे पैसे उचलायचे म्हणजे तोटाच ना?

उत्तर: तोटा नाही, उचला. बँकेचे ११ टक्के वर्षाचे आहेत आणि सीडीचे २ टक्के वीस दिवसांचे, त्यामुळे ते असे शेजारी ठेवून बघता येत नाहीत. पहिले दहा दिवस तुम्हाला उधारी फुकटच आहे, सीडी घ्या किंवा सोडा. सोडल्यावर जास्तीचे मिळतात ते अकराव्या दिवसापासून तिसाव्यापर्यंतचे वीस दिवस. त्या वीस दिवसांचं भाडं किती, एवढंच काढायचं आहे.

आता रक्कम. सीडी कुठल्या आकड्यावर आहे ते सप्लायरला आधी विचारून घ्या. मालाच्या किमतीवर असेल तर २,००० सुटतात आणि दहाव्या दिवशी १,१६,००० द्यायचे. म्हणजे सीडी सोडलीत तर सप्लायर तुम्हाला १,१६,००० वीस दिवस वापरायला देतो आणि त्याचे २,००० घेतो. भागायचं १,१६,००० ने. पुष्कळजण इथे पूर्ण बिलाने भागतात, पण तेवढे पैसे तुमच्याकडे राहिलेलेच नसतात.

२,००० भागिले १,१६,००० म्हणजे १.७२%. वर्षात वीस दिवस १८.२५ वेळा बसतात (३६५ ÷ २०). गुणलं की साध्या व्याजाने ३१.५%. बँकेच्या ११ शी हा आकडा ताडा. दर बिलाला सीडी सोडत राहिलात, तर वर्षभराचा खरा दर चक्रवाढीने निघतो:

```
=(1+2000/116000)^(365/20)-1
```

एक्सेल ३६.६% दाखवेल. एखाद्याच बिलाला सोडली, तर मात्र नुकसान २,००० रुपयांचंच. वर्षाचा दर तुलनेसाठी असतो, खिशातून तेवढे जात नाहीत.

अकाउंट्सच्या पुस्तकांत ह्याच अटीला ३७.२% उत्तर सापडेल. तिथे बिल जीएसटीशिवायचं असतं आणि २ ला ९८ ने भागलेलं असतं. आपल्याकडे सीडी मालावर आणि पेमेंट करासकट, म्हणून आकडा उतरतो. सप्लायर जीएसटीसकट क्रेडिट नोट देत असेल तर २,३६० कमी झालेले दिसतील, पण त्यातल्या ३६० चं इनपुट क्रेडिट तुम्हाला उलटवावं लागतं. हाती उरतात ते २,०००च.

सीसीचा हिशोब रुपयांत बघा. १,१६,००० वर ११ टक्क्यांनी वीस दिवसांचं व्याज साधारण ७०० रुपये. सातशे भरून दोन हजार वाचतात. अट एकच, लिमिटमध्ये जागा हवी. लिमिट फुल्ल असेल आणि ह्या पेमेंटमुळे दुसऱ्या कुणाचा चेक परत जाणार असेल, तर हे गणित बाजूला ठेवा.

आता खरी गोम. बिलावर ३० लिहिलेलं असलं तरी तुम्ही पैसे कितव्या दिवशी देता? आमच्या लायनीत साठ दिवस सर्रास ओढतात. मग जास्तीचे दिवस वीस नाही, पन्नास झाले, आणि दर साध्या व्याजाने १२.६ टक्क्यांवर येतो. ११ च्या सीसीपेक्षा थोडाच जास्त. म्हणून जुने व्यापारी ‘सीडी सोडून ओढलेलं परवडतं’ म्हणतात ते अगदीच चूक नाही. पण सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योगात नोंदलेला उत्पादक असेल, तर लेखी करार असूनही ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. ते पेमेंट ३१ मार्चनंतर लटकलं तर त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. तेव्हा आधी आपल्या लेजरमधून मागच्या आठ-दहा बिलांचे खरे दिवस काढा आणि सूत्रात २० च्या जागी तो फरक घाला.

आणि दहा दिवस कुठून कुठपर्यंत मोजतात ते लेखी घ्या. मी एकदा दहाव्या दिवशी, शनिवारी, चेक दिला. तो पास झाला सोमवारी. सप्लायर म्हणाला, ‘खात्यात बाराव्या दिवशी आले.’ मी सीडी कापूनच चेक लिहिला होता, ते २,००० बाकी म्हणून पुढच्या बिलात चढले. तेव्हापासून मी आठव्या दिवशी एनईएफटी करतो. त्यात फुकटचे दोन दिवस जातात आणि वीसचे बावीस होतात, म्हणजे सोडलेल्या सीडीचा दर ३१.५ वरून २८.६ वर येतो. तरी सीसीच्या अडीचपटीहून जास्तच आहे.