बॅकग्राउंड चेकच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी काय विचारावं?

"पुण्याच्या कंपनीची ऑफर आली आहे. एचआर म्हणते, बॅकग्राउंड चेकच्या संमतीपत्रावर सही करून पाठवा. यात काय काय तपासतात आणि कागदपत्रं कोणती लागतात? आधी विचारलं तर वाईट दिसेल का? मी धुळ्याचा आहे, सध्याची नोकरी अजून सोडलेली नाही."

वाईट दिसत नाही. फक्त ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. पडताळणी एजन्सीसाठी मी जळगाव-धुळे भागात घरोघरी जाऊन पत्ते तपासायचो, त्या अनुभवावरून सांगतो.

साधारणपणे ओळख, पत्ता, शिक्षण, आधीची नोकरी आणि कोर्टातल्या नोंदी तपासतात. सिबिल बहुधा बँक-फायनान्सच्या नोकरीतच बघतात. पण संमतीपत्रात बऱ्याचदा 'आवश्यक ती सर्व माहिती' असं मोघम लिहिलेलं असतं. म्हणून तुमच्या बाबतीत यातलं नेमकं काय तपासणार, हे आधी विचारून घ्या.

तुमच्यासाठी सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे सध्याची कंपनी. राजीनाम्याआधी एजन्सीचा फोन तिथे गेला तर पंचाईत होईल. 'सध्याच्या कंपनीशी रिलीव्हिंगनंतरच संपर्क साधावा' असं फॉर्मवरच लिहा आणि एचआरकडून ईमेलवर होकार घ्या.

नंतर ईपीएफओच्या पोर्टलवर तुमची सर्व्हिस हिस्ट्री उघडा. तिथल्या तारखा रेझ्युमेशी जुळवून बघतात. अमळनेरकडच्या एका मुलाने रुजू झाल्याचा महिना जून लिहिला होता, पीएफ मात्र सप्टेंबरपासून दिसत होता, कारण पहिले तीन महिने तो ट्रेनी होता आणि पीएफ कापलाच गेला नव्हता. त्याने जूनचं नेमणूकपत्र आणि त्या तीन महिन्यांचे पगार दाखवणारं बँक स्टेटमेंट आपणहून सोबत जोडलं. विषय तिथेच मिटला. हाच फरक नंतर एजन्सीला सापडला असता तर अहवालात 'तफावत' म्हणून गेला असता.

पत्ता सध्याचा तपासणार की कायमचा, माणूस येणार की मोबाइलवर लिंक, हेही विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत मी गावात जायचो तेव्हा निम्म्या घरांना कुलूप असायचं, आणि अहवालात 'पडताळणी झाली नाही' असं लिहावं लागायचं. त्यात उमेदवाराचा दोष नसतो, पण जॉइनिंग लांबतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, शेजाऱ्याचा नंबर द्या.

कागदपत्रं बहुतेक हीच लागतात: पॅन, आधार (पहिले आठ अंक झाकलेलं चालतं का ते विचारा), सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी, नेमणूकपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या. रिलीव्हिंग लेटर नंतर देता येतं. पदवी प्रमाणपत्र अजून विद्यापीठातून आणलं नसेल तर प्रोव्हिजनल चालेल का, हे आताच विचारा. मूळ प्रती कुणाच्या ताब्यात देऊ नका. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला तर त्यासाठी अर्ज तुम्हालाच करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा तो हवा आहे का हे याच ईमेलमध्ये विचारून टाका.