सारांशलेखन: एक तृतीयांश करताना मुद्दा का निसटतो?

प्रश्न: सारांश एक तृतीयांशात बसवतो, तरी सर म्हणतात मूळ मुद्दाच राहिला. काय चुकतंय?

तुम्ही बहुधा वाक्ये गाळताय, आणि त्यात ‘पण’च्या पुढचा भाग जातोय. सांगलीत मुलांच्या वह्या तपासताना मला हेच सगळ्यात जास्त दिसतं. हा ३३ शब्दांचा उतारा बघा:

“सांगलीत कृष्णेला पूर येतो तेव्हा लोक पावसालाच दोष देतात, आयर्विन पुलाजवळची पातळी बघतात, २००५ आणि २०१९च्या आठवणी काढतात, पण पूररेषेच्या आत घरे आणि दुकाने आपणच बांधली, म्हणून पाणी तेवढेच असले तरी नुकसान वाढते.”

पूल आणि साल लक्षात राहतात म्हणून मुलं तेच लिहितात. पण ती लोकांच्या समजुतीची उदाहरणं आहेत, लेखकाचं म्हणणं नव्हे. म्हणून आधी ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’ यांच्याखाली रेघ मारा, मग उतारा झाकून लेखकाला काय पटवायचंय ते एका वाक्यात लिहा:

“पुराचे पाणी तेवढेच असले तरी पूररेषेतल्या आपल्याच बांधकामांमुळे सांगलीत नुकसान वाढते.”

हे बरोबर ११ शब्द. ‘आपल्याच’ मी मुद्दाम ठेवला. तो काढला तर जबाबदारी कुणाची, हेच कळत नाही. शब्द मोजायचे ते शेवटी.

मात्र काही उताऱ्यांत उदाहरण हाच पुरावा असतो. ते काढल्यावर ‘म्हणून’ लंगडा पडत असेल, तर एका शब्दात का होईना, ठेवा.